पार्श्वभूमी: बीसीसीतला माणूस उत्तर देतो तेव्हा

मेल लिहिताना वरच्या बाजूला पत्त्यांचे तीन रकाने असतात. त्यांतल्या पहिल्याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही. तो आपल्या पत्रातला ‘प्रति’. घोळ होतो तो उरलेल्या दोघांचा, सीसी आणि बीसीसीचा, कारण ते दोन्ही रकाने टाइपरायटरच्या काळातून आले आणि येताना निम्मा अर्थ मागेच राहिला.

माझी पहिली नोकरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात होती. पत्र टाइप करताना रुळात वरचा जाड कागद, मग कार्बन, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन अशी चळत चढायची. चौथी-पाचवी प्रत इतकी पुसट यायची की ती वाचायला खिडकीशी जावे लागे. मूळ पत्र जावकला, एक स्थळप्रत फाइलला आणि बाकीच्या प्रती ज्यांची नावे पत्राच्या तळाशी असत त्यांना. त्या नावांच्या वरची ओळ महत्त्वाची होती. वरिष्ठांना ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ आणि ज्याने काही करायचे त्याला ‘प्रत माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी’. प्रत हातात पडली की आपण नुसते वाचायचे की कामाला लागायचे, हे विचारावे लागत नसे. इंग्रजी पत्रव्यवहारात त्याच जागी सी.सी. अशी दोन अक्षरे, म्हणजे कार्बन कॉपी, आणि पुढे नावे.

बी.सी.सी., म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, ही त्याहून नाजूक गोष्ट होती. मूळ पत्र पूर्ण झाले की टायपिस्ट ते यंत्रातून काढून घ्यायचा आणि फक्त खालच्या प्रतींवर ‘बी.सी.सी.’ आणि पुढे नाव अशी जादा ओळ मारायचा. मूळ पत्र ज्याच्या हाती जाई त्याला त्या ओळीचा पत्ता नसे. पण ज्याला अशी प्रत मिळे त्याच्या कागदावर ती ओळ ठसठशीत असायची. आपण गुपचूप वाचतो आहोत, हे त्याला कागदच सांगत होता. पुढचा सगळा घोळ नेमका इथे सुरू होतो, म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा.

हे रकाने संगणकावर आले ते अमेरिकेतल्या संशोधन जाळ्यावर. नोव्हेंबर १९७७ मध्ये मेलच्या मजकुराची रचना ठरवणारे एक टिपण निघाले, आरएफसी ७३३. ऑगस्ट १९८२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी ८२२. तिच्यात सीसीचे वर्णन दुय्यम, माहितीपुरते प्राप्तकर्ते असे आहे. म्हणजे आपल्या दोन ओळींपैकी ‘माहितीसाठी’ तेवढी टिकली आणि ‘कार्यवाहीसाठी’ गळाली. आज कुणी सहा जणांना सीसीत ठेवून ‘कृपया बघून घ्या’ लिहितो आणि सहाही जण दुसरा कुणीतरी बघेल म्हणून बसून राहतात, तेव्हा मला ती गळालेली ओळ आठवते. ज्याच्याकडून काम हवे त्याचे नाव पहिल्या रकान्यात असावे. सीसीतल्या एखाद्याकडून काही हवेच असेल, तर मजकुरात त्याचे नाव घेऊन सांगावे: ‘गोडाऊनने बुधवारपर्यंत शिल्लक कळवावी.’ बाकीच्यांनी वाचून सोडून द्यावे.

बीसीसीबद्दल मात्र त्या टिपणांनी हात आखडता घेतला. पहिल्या दोन रकान्यांतल्या लोकांना बीसीसीची ओळ दिसता कामा नये, एवढे पक्के सांगितले. पण खुद्द बीसीसीतल्या माणसाला काय दिसावे? काही प्रणाली ती ओळ फक्त लिहिणाऱ्याच्या प्रतीत ठेवतील, काही ती बीसीसीतल्या सगळ्यांनाही दाखवतील, असे म्हणून निर्णय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांवर सोडला. एप्रिल २००१ च्या आवृत्तीत तीन रीती नीट मांडल्या गेल्या. पहिलीत ओळ काढून टाकायची आणि सगळ्यांना एकसारखी प्रत पाठवायची. दुसरीत बीसीसीवाल्यांना वेगळी प्रत, तिच्यात ती ओळ शिल्लक. तिसरीत ओळ ठेवायची पण रिकामी, म्हणजे कुणालातरी गुप्त प्रत गेली आहे एवढे सगळ्यांना कळावे. कुठली रीत वापरायची ते पुन्हा ज्याचे त्याच्यावर.

सर्रास रुळली ती पहिली, कारण ती सोपी आहे. मेल पाठवताना दोन वेगळ्या गोष्टी जातात: पाकिटावरचे पत्ते आणि आतले पत्र. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते वाचून मेल पोचवतो, वाचणाऱ्याला फक्त पत्र दिसते. बीसीसी म्हणजे पाकिटावर नाव आहे, पत्रावर नाही, एवढेच.

```
RCPT TO:<vendor@example.com>
RCPT TO:<stores@example.com>
RCPT TO:<manager@example.com>

To: vendor@example.com
Cc: stores@example.com
```

वरच्या तीन ओळी पाकिटाच्या, खालच्या दोन पत्राच्या. मॅनेजर पाकिटावर आहे, पत्रात नाही. टायपिस्टने मारलेली ती जादा ओळ त्याच्याही प्रतीतून गेली. काही सेवा ‘बीसीसी: मी’ अशी छोटी खूण दाखवतात, पण ती बहुधा नावाखालची घडी उघडल्यावर दिसते. घाईत असलेला माणूस ती उघडत नाही.

याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. नंतरच्या एका कंपनीत मी खरेदी खात्यात होतो. एका पुरवठादाराचा माल दोनदा उशिरा आला होता. माझ्या सहकाऱ्याने त्याला सभ्य भाषेत मेल लिहिला: तारीख पाळावी, नाहीतर पुढच्या ऑर्डरचा विचार करावा लागेल. ‘प्रति’त पुरवठादार, सीसीत गोडाऊन आणि बीसीसीत आमचे साहेब. हेतू वाईट नव्हता, साहेबांना कल्पना असावी एवढाच. साहेब तेव्हा प्रवासात होते. मोबाइलवर मेल उघडला, समोर तीन नावे दिसली, खाली रिप्लाय ऑल. त्यांनी लिहिले, ‘बरे झाले खडसावलेस, दुसरा बघायला सांगितलेच आहे.’ हे वाक्य एकट्या सहकाऱ्यासाठी होते. गेले मात्र लिहिणाऱ्याला, ‘प्रति’ला आणि सीसीला, कारण रिप्लाय ऑल पत्रातली नावे वाचते. पुरवठादाराला एका फटक्यात दोन गोष्टी कळल्या: साहेब पहिल्यापासून चोरून वाचत होते आणि आपल्या जागी दुसरा शोधणे चालू आहे. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. ‘साहेबांना सांगायचे होते तर समोर सांगायचे ना,’ एवढेच तो म्हणाला. सोळा वर्षांचा संबंध होता.

दोष साहेबांच्या बोटाचा, असे तेव्हा सगळे म्हणाले. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. आपण बीसीसीत आहोत हे ज्याला कळतच नाही, त्याने तसे वागावे ही अपेक्षा चुकीची आहे. साहेबांना कळवायचेच होते तर मेल गेल्यावर सेंटमधून तो त्यांना फॉरवर्ड करायचा आणि वर एक ओळ घालायची: ‘तुमच्या माहितीसाठी, उत्तराची गरज नाही.’ फॉरवर्डवर रिप्लाय ऑल दाबले तरी उत्तर फॉरवर्ड करणाऱ्याकडेच येते, आणि वरच्या ओळीत प्रतीचे कारणही येते, जसे कागदावर येत होते. मेल समोरच्याच्या वागणुकीबद्दल असेल, तर त्याच्या डोळ्यांआड तिसऱ्याला बीसीसीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि सीसीत साहेबांचे नाव उघडपणे टाकणे म्हणजे तक्रार, हे आपल्याकडे सगळे जाणतात. ‘साहेबांना सीसी टाकतो’ हे वाक्य धमकी म्हणूनच उच्चारले जाते. तेव्हा तो रकानाही आधी समोरच्याशी बोलून झाल्यावरच वापरावा.

बीसीसीचे दोन उपयोग मात्र निर्विवाद आहेत, आणि दोन्हींत लपवाछपवी नाही. एक म्हणजे, ओळख करून देणाऱ्याला धाग्यातून सोडवणे. कुणी दोघांची गाठ घालून दिली की पहिले उत्तर देणारा लिहितो, ‘आभार, तुम्हाला बीसीसीत हलवले आहे.’ त्यांना ते एक उत्तर पोचते, आणि पुढच्या रिप्लाय ऑलमधून त्यांचे नाव आपोआप गळते. १९९५ च्या शिष्टाचारविषयक टिपणातही (आरएफसी १८५५) बोलणे दोघांपुरते उरले की बाकीच्यांना सीसीत ओढत राहू नका, असे सांगितलेच आहे.

दुसरा उपयोग एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांना एकच मेल पाठवण्याचा. इथे चूक झाली तर किंमत मोठी असते. २०१५ मध्ये लंडनमधल्या एका लैंगिक आरोग्य दवाखान्याने मुख्यतः एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीचे वार्तापत्र ७८१ जणांना पाठवले. पत्ते बीसीसीऐवजी पहिल्या रकान्यात पडले, आणि त्यांतल्या ७३० पत्त्यांतून माणसांची पूर्ण नावे उघड झाली. पुढच्या वर्षी १,८०,००० पौंडांचा दंड झाला. इतक्या नाजूक यादीसाठी खरे तर बीसीसीवरही विसंबू नये, प्रत्येकाला वेगळा मेल जाईल अशी व्यवस्था हवी, कारण दोन रकान्यांत अंतर एका ओळीचे असते.

बीसीसीने पाठवलेल्या मेलला कुणी रिप्लाय ऑल केले तर उत्तर फक्त लिहिणाऱ्याकडे आणि उघड दिसणाऱ्या पत्त्यांकडे जाते. यादीच उघड रकान्यात असली की काय होते ते १९९७ मध्ये एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने पाहिले. सुमारे १३,००० नावांच्या यादीवर ‘मला यातून काढा’ असे एकाने लिहिले, इतरांनी तेच सगळ्यांना लिहिले, आणि मेल यंत्रणा आडवी झाली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत एक चाचणी मेल सुमारे ८,४०,००० खात्यांवर गेला, आणि ‘मला मेल पाठवू नका’ अशी सर्वांना दिलेली उत्तरे त्यावर पडत गेली. अशा वेळी गप्प राहणे हेच काम. यादी सांभाळणाऱ्याला सूचना द्यावीच लागली, तर त्यानेही यादी बीसीसीत टाकून द्यावी, म्हणजे त्या सूचनेला येणारी उत्तरे त्याच्यापाशीच थांबतात.

अलीकडे काही मेल प्रोग्रॅम बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल दाबले की वर एक पट्टी दाखवतात: तुमचा पत्ता लपवलेला होता, सगळ्यांना उत्तर दिलेत तर तुम्हाला हा मेल मिळाला होता हे सर्वांना कळेल. टायपिस्ट दुसऱ्या प्रतीवर जी ओळ मारायचा, तीच ही. फक्त ती सगळ्या प्रोग्रॅमांत नाही, आणि साहेबांच्या त्या मोबाइलवर तर नव्हतीच.