क्रिएटिन आणि टाइप टू डायबिटीसमधली शुगर

क्रिएटिन हा पदार्थ आपल्या शरीरातच बनतो, मुख्यतः किडनी आणि लिव्हरमध्ये, आणि त्यातला साधारण ९५ टक्के साठा स्नायूंमध्ये असतो. शिवाय तो मटण, चिकन, मासळी यांतूनही मिळतो, एक किलो कच्च्या मांसात अंदाजे ४ ते ५ ग्रॅम. दुधात अगदीच थोडा असतो आणि डाळी-भाज्यांत जवळजवळ नसतोच, त्यामुळे शाकाहारी माणसांच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा सरासरी कमी सापडतो. बाजारात जी पांढरी पावडर मिळते ती क्रिएटिन मोनोहायड्रेट. जिमला जाणारी पोरं ती ताकदीसाठी घेतात, पण गेल्या पंचवीसेक वर्षांत काही संशोधकांनी वेगळाच प्रश्न धरून ठेवलाय, की टाइप टू डायबिटीस असलेल्या माणसाची शुगर यानं खाली येते का. आत्तापर्यंतचं उत्तर असं, की व्यायामासोबत घेतलं तर येत असावी, व्यायामाशिवाय फारसा भरवसा नाही. आणि कोणी घेणारच असेल तर शुगर आणि किडनीच्या तपासण्या कशा करायच्या हे आधी ठरवावं लागतं, कारण ही पावडर किडनीच्या रिपोर्टमध्येच गोंधळ घालते.

स्नायूत नेमकं काय होतं

जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा भाग स्नायू उचलतात. त्यासाठी स्नायूच्या पेशीत ग्लूट-४ नावाची प्रथिनं असतात, ती पेशीच्या आत साठून राहतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की बाहेरच्या आवरणापाशी येऊन ग्लुकोज आत घेतात, म्हणजे दारं आहेत पण गरज पडेल तेव्हाच भिंतीत बसवली जातात असं समजा. टाइप टूमध्ये इन्सुलिनचा निरोप नीट पोचत नाही. व्यायामाचा रस्ता मात्र वेगळा आहे, स्नायू आकुंचन पावला की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि इन्सुलिनशिवायही ग्लूट-४ वर येतं, म्हणून तर जेवल्यावर चालायला सांगतात.

क्रिएटिन या दुसऱ्या रस्त्याला जोड देत असावं असं दिसतं. बेल्जियममध्ये २००१ साली एक प्रयोग झाला, त्यात निरोगी तरुणांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला आणि मग दहा आठवडे त्याच पायाचा व्यायाम करून घेतला. पाय बांधलेला असताना प्लासिबोवाल्यांच्या, म्हणजे ज्यांना खोटी पावडर दिली होती त्यांच्या, स्नायूतलं ग्लूट-४ साधारण २० टक्क्यांनी घटलं, क्रिएटिनवाल्यांचं घटलं नाही, आणि नंतरच्या व्यायामात ते चांगलंच वाढलं. पण ही निरोगी माणसं होती, डायबिटीसवाली नव्हती.

ब्राझीलचा अभ्यास

या विषयात सगळ्यात जास्त ज्याचा हवाला दिला जातो तो अभ्यास साओ पावलो विद्यापीठातल्या ब्रुनो ग्वालानो आणि सहकाऱ्यांचा, २०११ साली छापलेला. ४५ च्या वरची, बैठी जीवनशैली असलेली टाइप टूची माणसं घेतली, निम्म्यांना रोज ५ ग्रॅम क्रिएटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी पावडर, कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत ना तपासणाऱ्याला. दोन्ही गटांना १२ आठवडे व्यायाम सारखाच. शेवटी हिशोबात आलेली माणसं फक्त २५, क्रिएटिन गटात १३ आणि दुसऱ्यात १२.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर टक्क्यांत सांगते. क्रिएटिन गटाचं एचबीएवनसी सरासरी ७.४ वरून ६.४ वर आलं आणि प्लासिबो गटाचं ७.५ वरून ७.६, म्हणजे जागच्या जागी. ठरावीक जेवण देऊन नंतर शुगर मोजली तेव्हाही क्रिएटिनवाल्यांची चढ कमी होती. स्नायूचा तुकडा काढून पाहिला तर एकूण ग्लूट-४ मध्ये फरक नव्हता, पण आवरणापाशी पोचलेलं ग्लूट-४ जास्त होतं. आणि इन्सुलिनमध्ये काही फरक नव्हता, म्हणजे स्वादुपिंडाला जास्त राबवून शुगर उतरली असं झालेलं नाही, स्नायूनं ती उचलली.

एचबीएवनसीत एक टक्क्याची घट हा आकडा मोठा आहे, एखादं औषध चालू केल्यावर यावा तेवढा, आणि म्हणूनच तो जरा थांबून वाचायला हवा. २५ माणसांत दोन-चार जणांनी खाणं सुधारलं तरी सरासरी हलते. दुसरं म्हणजे नुसत्या व्यायामानंही एचबीएवनसी साधारण अर्धा टक्का किंवा थोडं जास्त उतरतं हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, इथे मात्र व्यायाम करूनही प्लासिबो गट जागचा हलला नाही, तेव्हा दोन गटांतलं अंतर आहे त्यापेक्षा मोठं दिसत असण्याची शक्यता राहते. माझ्या मते परिणाम खरा असावा, पण तो सगळ्यांना एक टक्का मिळेल असं धरून चालणं चूक आहे. मोठ्या संख्येवर, जास्त काळ केलेल्या चाचण्या हव्यात.

व्यायाम नसेल तर काय, याचं उत्तर अजून पुसट आहे. क्रोएशियातल्या एका गटानं नव्यानं निदान झालेल्या पेशंटना मोजके दिवस क्रिएटिन देऊन मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या नेहमीच्या गोळीशी तुलना केली आणि शुगर सारखीच उतरली असं मांडलं, पण काही दिवसांच्या आकड्यांवरून महिन्यांचा अंदाज बांधता येत नाही. व्यायाम न करणाऱ्या निरोगी पुरुषांवर २००३ साली झालेल्या अभ्यासात तर ग्लुकोज किंवा इन्सुलिनवर काही परिणामच दिसला नाही.

किती आणि कशासोबत

जिममध्ये सांगतात की पहिले पाच-सहा दिवस रोज २० ग्रॅम 'लोडिंग' करा आणि ज्यूस किंवा ग्लुकोज पावडरसोबत घ्या. साखरेसोबतचा सल्ला १९९६ च्या एका अभ्यासातून आलाय, तिथे ५ ग्रॅम क्रिएटिनसोबत ९३ ग्रॅम साधी साखर, दिवसातून चार वेळा दिली होती, इन्सुलिन उसळावं म्हणून, आणि स्नायूत क्रिएटिन खरंच जास्त गेलं. डायबिटीसवाल्या माणसानं हे करणं म्हणजे ज्यासाठी पावडर घेतोय त्याच्या बरोबर उलट. आणि गरजही नाही, कारण रोज ३ ग्रॅम घेतलं तरी चार आठवड्यांत स्नायूचा साठा लोडिंगइतकाच भरतो. जेवणासोबत पाण्यातून ३ ते ५ ग्रॅम, एवढंच. वजन किलोभर वाढू शकतं, ते मुख्यतः स्नायूत धरलेलं पाणी असतं.

क्रिएटिनिनचा घोळ

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी. शरीरातल्या क्रिएटिनचा दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीतून जातो. लॅब किडनीचं काम मोजते ते याच क्रिएटिनिनवरून, रक्तात ते जास्त साठलं तर किडनी कमी गाळतेय असा अर्थ, आणि त्यावरून, माणसाचं वय-लिंग धरून, ईजीएफआर म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाजी आकडा काढतात, तो जितका कमी तितकं किडनीचं काम कमी. पण बाहेरून क्रिएटिन घेतलं की क्रिएटिनिन जास्त तयार व्हायला लागतं, किडनी अगदी ठणठणीत असली तरी.

समजा ५४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, डायबिटीससाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, क्रिएटिनिन १.१. सध्याच्या २०२१ च्या सूत्रानं ईजीएफआर साधारण ८० येतो. त्यांनी जिम लावलं, रोज ५ ग्रॅम क्रिएटिन चालू केलं, डॉक्टरांना काही बोलले नाहीत. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ६५. कागदावर पंधरा अंकांची घसरण, घरी घबराट, डॉक्टरांना वाटणार डायबिटीसनं किडनी धरली. आता यांच्याऐवजी आधीच १.६ असलेला, म्हणजे ईजीएफआर ५१ चा माणूस घ्या. त्याचं १.८ झालं की ईजीएफआर ४४, आणि ४५ च्या खाली मेटफॉर्मिनचा डोस कमी करायचा विचार सुरू होतो, ३० च्या खाली ते बंदच. म्हणजे किडनी तशीच असताना एक चांगलं औषध हातचं जाऊ शकतं. उलटही होतं आणि ते जास्त वाईट, खरंच किडनी बिघडत असते आणि माणूस 'अहो ते क्रिएटिनमुळे' म्हणून सहा महिने घालवतो.

खरं-खोटं वेगळं काढायला तीन मार्ग आहेत. एक, सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी, ती क्रिएटिनवर किंवा स्नायूंच्या आकारावर तितकी अवलंबून नसते, तिच्यावरून काढलेला ईजीएफआर पहिल्यासारखाच असेल तर किडनी ठीक असण्याची शक्यता जास्त. दोन, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे लघवीतून किती प्रथिन गळतंय ते, ३० च्या खाली आणि स्थिर असेल तर दिलासा, वाढत असेल तर क्रिएटिनवर ढकलून चालणार नाही. तीन, पावडर चार ते सहा आठवडे बंद करून पुन्हा क्रिएटिनिन, ते खाली आलं नाही तर कारण दुसरं आहे. ग्वालानोंच्या गटानं डायबिटीसच्या पेशंटमध्ये किडनी क्रिएटिनिनवर न मोजता किरणोत्सारी खूण लावलेल्या पदार्थाच्या गाळणीवरून मोजली होती आणि १२ आठवड्यांत बिघाड दिसला नव्हता. पण तो काळ १२ आठवड्यांचाच, आणि ज्यांची किडनी आधीच दुखावली आहे त्यांना तो निकाल लावता येत नाही, त्यांनी नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

शुगर कशी पाहायची

पावडर सुरू करायच्या आधी एचबीएवनसी, क्रिएटिनिन, जमल्यास सिस्टॅटिन-सी आणि लघवीचं अल्ब्युमिन करून ठेवावं, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून ते १२ आठवड्यांनी, महिन्याभरात केलं तर त्यात जुनी शुगरच जास्त मोजली जाते. त्याच काळात नवं औषध चालू करणं शक्यतो टाळावं. उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन हे डायबिटीसचं औषध सुरू केलं की पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर स्वतःच थोडा उतरतो, दोन्ही एकदम झालं तर कशानं काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

ज्यांना नुसतं मेटफॉर्मिन आहे त्यांची शुगर फार खाली जाण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर मात्र व्यायाम आणि क्रिएटिन मिळून शुगर घसरू शकते, म्हणून पहिले काही आठवडे व्यायामाच्या आधी, नंतर आणि झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर पाहावं. व्यायाम सुरू करतानाच शुगर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्यावं. ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, छातीत धडधड, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आठवड्यात दोनदा असं झालं तर गोळीचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यायला हवा, आपणहून मेटफॉर्मिन सोडून पावडरवर राहणं हा त्यावरचा इलाज नाही. आणि रक्त तपासायला जाताना लॅबच्या फॉर्मवर आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये 'क्रिएटिन रोज ५ ग्रॅम, अमुक तारखेपासून' एवढं लिहून ठेवावं.