जोडलेले शब्द की सरासरी सूर?

«मजकूर वाचून दाखवताना संगणक कलाकाराचे रेकॉर्ड केलेले शब्द जोडतो, म्हणून आवाज यंत्रासारखा येतो ना?»

तुकडे जोडणं ही जुनी पद्धत. तिथे सांधे ऐकू येत. न्यूरल नेटवर्कने बनवलेल्या आवाजात स्टुडिओतल्या, बहुधा काही तासांच्या, वाक्यांवरून मॉडेल मजकूर आणि ध्वनी यांचं नातं शिकतं. ते बहुतेकदा आधी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीचा नकाशा बनवतं. व्होकोडर त्यातून प्रत्यक्ष आवाज घडवतो.

मग सपाटपणा कुठून? ‘तू आलास’ हे आनंदाने, रागाने, कंटाळूनही म्हणता येतं. मजकुरात भाव नसतो, त्यामुळे साधं मॉडेल सगळ्यांची सरासरी काढतं: सूर ना चढत, ना उतरत. कलाकाराने सगळं बातम्यांच्या थाटात वाचलं असेल, तर विचारूच नका. सूर ठीक, पण धातूसारखी घरघर येत असेल, तर आधी व्होकोडर तपासा.