पाठप्रकाशातील तलम कापड (छायाचित्र-संपादन)

सूर्य व्यक्तीच्या मागे असलेल्या छायाचित्रात पोशाख बदलताना, तलम सुती कापडातून किंवा ओढणीतून ऊन आरपार येत असल्याचे दाखवण्याचे तंत्र. यात बहुतेक जण आधी ओढणीच्या लेयरची ओपॅसिटी कमी करतात. त्यामुळे मागचे दृश्य दिसते, पण कापड उजळत नाही आणि ओढणी प्लॅस्टिकच्या कागदासारखी वाटते. खरे ऊन दोन वाटांनी येते. थोडे विणीच्या फटींतून सरळ येते. बाकीचे धाग्यांत शिरते, विखुरते आणि त्यांचा रंग घेऊन बाहेर पडते. कापड उजळते ते मुख्यतः या विखुरलेल्या उन्हामुळे.

समोरून प्रकाश असताना चुणीचा उंचवटा उजळ आणि खळगा गडद दिसतो. मागून ऊन आले की हा हिशेब मोडतो. उजेड ठरतो तो थरांच्या संख्येवर. एकेरी कापड सर्वांत उजळ, दुमडलेला भाग त्याहून गडद, आणि दुहेरी शिवलेली कड बारीक काळसर रेघेसारखी.

थर वाढतात तसा रंगही सरकतो. समजा, पिवळ्या ओढणीच्या एकेरी भागाचा रंग लाल २३०, हिरवा १८०, निळा ८० असा धरला. त्यावर तोच रंग मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवला, की दोन थरांसाठी सुमारे २०७, १२७, २५ मिळतात, म्हणजे पिवळ्याचा नारिंगी झाला. तिसऱ्या थराला १८७, ९०, ८, म्हणजे जवळपास विटकरी. घड्यांवर नुसता काळा रंग फिरवला तर हा बदल होत नाही, कापड मळकट दिसते. अशा संपादनांत ही चूक वारंवार सापडते. म्हणून प्रत्येक जादा थराला स्वतंत्र मास्क द्यावा आणि त्यात ओढणीचाच रंग भरावा.

ऊन आणि कापड यांच्या मध्ये हात किंवा धड असेल तिथे ही चमक येत नाही, तिथे शरीराची सावली पडते. कापड अंगाला चिकटलेले असेल तर सावलीची कड रेखीव राहते, सुटे होत जाईल तशी ती मऊ होते. सूर्यबिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद असल्याने एक मीटर अंतरावर ही कड जेमतेम एक सेंटिमीटर पसरते; त्याहून फार जास्त ब्लर खोटा वाटतो. कुर्त्याला अस्तर असेल तर धडाचा भाग सहसा उजळू नये, बाह्या आणि सुटा घेर तेवढा उजळावा. जरीचा काठ धातूचा असल्याने ऊन अडवतो आणि गडद पट्टीसारखा दिसतो.

ओढणीतून गाळलेले ऊन खांद्यावर किंवा दंडावर थेट पडत असेल, तर तिथे त्वचेवर तिच्या रंगाची हलकी झाक हवी. चमक वाढवण्यासाठी स्क्रीन मोड वापरताना लाल चॅनेलवर लक्ष ठेवावे. तो २५५ला टेकल्यावरही चमक वाढवत राहिल्यास हिरवा आणि निळाच वर चढतात, रंग फिका पडतो आणि वीण पुसली जाते. मूळ छायाचित्रात केसांच्या कडेला उन्हाची रेघ नसेल, चेहऱ्यावर समोरचा प्रकाश असेल, तर फक्त ओढणी उजळवून चित्र जुळत नाही.