डीपी गोलात बसवताना: चेहरा मधोमध की डोळे वरच्या रेघेवर?

फोटो चौकोनात कापायचा आणि व्हॉट्सॲप त्याचा गोल दाखवतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तरी "चेहरा अगदी मधोमध घेतलाय, मग डीपी विचित्र का दिसतो?" हा प्रश्न काही संपत नाही. बहुतेक वेळा चेहरा मधोमध घेतला म्हणूनच तो विचित्र दिसतो.

फोनवर उभा काढलेला, कमरेपर्यंतचा एक फोटो घेऊ. रुंदी ३००० पिक्सेल, उंची ४०००. वरच्या कडेपासून मोजलं तर केसांचं वरचं टोक ६०० वर, हनुवटी १५०० वर, म्हणजे डोकं ९०० पिक्सेल उंच. डोळे डोक्याच्या साधारण अर्ध्या उंचीवर असतात, म्हणून ते १०५० वर. खांद्यांची बाहेरची टोकं १८०० वर आणि दोन टोकांमधलं अंतर १७५०. या एकाच फोटोतून १८०० पिक्सेलचा चौकोन दोन तऱ्हांनी कापायचा.

पहिल्या तऱ्हेत डोळे बरोबर केंद्रावर. चौकोन १५० पासून १९५० पर्यंत येतो आणि कापताना सगळं छान दिसतं, कारण १८०० रुंदीत १७५० चे खांदे पूर्ण मावतात. गोल झाला की मात्र घोटाळा. केंद्रापासून जितकं खाली जावं तितका गोल अरुंद होतो. खांद्यांची टोकं केंद्राच्या ७५० पिक्सेल खाली आहेत आणि त्या उंचीवर गोलाची रुंदी उरते जेमतेम ९९५. दोन्ही बाजूंनी पावणेचारशे पिक्सेल खांदा गायब. वर डोक्यावर ४५० पिक्सेल रिकामी भिंत, खाली मानेला चिकटलेले दोन तुकडे. हाच तो तरंगणाऱ्या मुंडक्याचा डीपी.

दुसऱ्या तऱ्हेत चौकोन तेवढाच ठेवून फक्त ३०० पिक्सेल खाली सरकवायचा: ४५० पासून २२५० पर्यंत. आता खांद्यांची टोकं केंद्राच्या ४५० खाली आली आणि तिथे गोलाची रुंदी आहे जवळपास १५६०. दोन्हीकडून शंभराच्या आत पिक्सेल कापले जातात. खांदा इथेही कापला गेलाच आहे, पण तो कडेपर्यंत पोचून कापला गेला आहे, त्यामुळे तो कडेच्या पलीकडे चालू आहे असं डोळा धरून चालतो. खटकतं ते खांद्याचं कापलं जाणं नाही. खटकते ती खांदा आणि कड यांच्या मधे डोकावणारी भिंत. गोल म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर खांद्याच्या रेघा चार आणि आठच्या आसपास कडेला भिडायला हव्यात. त्या पाच-सातकडे घसरल्या की चौकोन अजून खाली घ्या.

हे आकडे मोजत बसायची गरज नाही. गॅलरीतल्या क्रॉपमध्ये १:१ निवडलं की बहुतेक फोनवर नऊ घरांची जाळी दिसते. डोळे वरच्या आडव्या रेघेवर ठेवा आणि डोकं चौकोनाच्या निम्म्या उंचीचं येईल इतका झूम करा. वरच्या आकड्यांत डोळे नेमके त्याच रेघेवर येतात आणि केसांवर एका घराच्या पाव भागाइतकी जागा उरते. मग ॲपमध्ये चढवताना पुन्हा झूम करू नका.

मधोमध ठेवणं बरोबर ठरतं ते फक्त खांदे मुळात नकोच असतील तेव्हा. त्यासाठी चौकोन १२०० चा, ५०० पासून १७०० पर्यंत. डोकं गोलाच्या उंचीचा पाऊण भाग व्यापतं आणि खालची कड मानेवरच मिटते. चॅटच्या यादीत नखाएवढ्या गोलात ओळख पटायला हाच सगळ्यांत चांगला. खांदे घ्यायचे तर नीट घ्या, नाहीतर अजिबात घेऊ नका. मधला प्रकार कुणालाच शोभत नाही.

मान वळवलेली असेल तर आडव्या दिशेने चेहराच मधे ठेवा, मागचा खांदा थोडा जास्त गेला तरी चालतो.

आणि ते "गोल डीपी" करून देणारे ॲप कृपा करून वापरू नका. गोल व्हॉट्सॲप स्वतःच करतं. आधीच गोल केलेला फोटो चढवला तर कुणी तो मोठा करून बघताच काळे किंवा पांढरे कोपरे दिसतात, कारण आत साठवला जातो तो चौकोनच.

फोटोच छातीवर संपत असेल तर चौकोन खाली सरकवायला जागा नसते. मग व्हॉट्सॲपवरून आलेला, आधीच कापलेला फोटो ताणत बसू नका. ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मूळ फोटोही तिथेच संपत असेल, तर १२०० वाला चौकोन कापा.