औषधाची स्थिर पातळी

समान मात्रा समान अंतराने चालू ठेवली आणि दोन मात्रांमध्ये शरीरातल्या औषधाचा ठरावीक अंश नाहीसा होत राहिला, तर साठा ज्या मर्यादेकडे सरकतो ती पातळी. मात्रा D आणि पुढच्या मात्रेपर्यंत उरणारा अंश r धरल्यास n व्या मात्रेनंतर शरीरात D(1 + r + r² + … + rⁿ⁻¹) इतके औषध असते. r एकाहून लहान असल्याने ही भूमिती श्रेढी D/(1 − r) या मर्यादेकडे जाते. तेथे दोन मात्रांमध्ये जितके औषध जाते, तितकेच पुढची मात्रा भरून काढते.

सांत श्रेढीच्या बेरजेचा नियम राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील गणिती महावीराचार्यांनी (सु. ८५०) दिला आहे. अनंत श्रेढीची बेरीज केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी (सु. १५००) यांच्याकडे स्पष्टपणे आढळते. औषधांच्या बाबतीत श्रेय बहुधा स्वीडिश शास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल (१९३७) यांना दिले जाते. तथापि पुनरावृत्त मात्रांचे गणित विडमार्क आणि टांडबर्ग यांनी १९२४ मध्येच मांडले होते, म्हणून अग्रक्रम त्यांना देणे अधिक योग्य वाटते.

उदाहरणादाखल, बीड जिल्ह्यातील ५० किग्रॅ. वजनाचा एक ऊसतोड कामगार फेफऱ्यासाठी रोज रात्री ६० मिग्रॅ. फेनोबार्बिटोन घेतो असे समजू. अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले औषध निम्मे होण्याचा काळ, चार दिवस धरला (तो व्यक्तिपरत्वे बराच बदलतो), तर r सुमारे ०·८४ येतो. मर्यादा गोळीनंतर लगेच सु. ३७७ मिग्रॅ. आणि पुढच्या गोळीआधी ३१७ मिग्रॅ. येते. औषध सुमारे ३० लिटर आकारमानात पसरते असे मानल्यास गोळीआधीची पातळी लिटरला सु. १०·६ मिग्रॅ. भरते, उपयुक्त पल्ला साधारण १० ते ४० समजतात. चार दिवसांत मर्यादेचा निम्मा, आठ दिवसांत पाऊण आणि वीस दिवसांत सु. ९७ टक्के भाग गाठला जातो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात रक्त तपासून ‘गोळी कमी पडते’ म्हणून मात्रा वाढवणे चुकीचे ठरते.

हाच कामगार तोडीला कारखान्यावर गेला आणि सोबतच्या गोळ्या संपून सलग दोन रात्री चुकल्या, तर तिसऱ्या रात्री गोळीआधी साठा २२४ मिग्रॅ. म्हणजे लिटरला ७·५ वर येतो आणि झटक्याचा धोका वाढतो. गोळी पुन्हा सुरू केली तरी ९३ मिग्रॅ.ची तूट लगेच भरत नाही. दर चार दिवसांनी ती निम्मी होते.

नाहीसा होणारा अंश स्थिर असेल तोवरच हे सूत्र लागू पडते. फेनिटोइन या फेफऱ्यावरच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत यकृताची क्षमता भरत आली की हा अंश घटतो. मग मात्रेतील लहानशा वाढीनेही पातळी एकदम चढते आणि डोळे लवलवणे, झोक जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात.