तावदानं थरथरतात, आकडा मात्र 86

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी दरवर्षी गणेश विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत आवाज मोजतात आणि ते आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. ते वाचून एक प्रश्न हमखास कानावर येतो: डीजेनं छाती धडधडत होती, तावदानं थरथरत होती, मग आकडा एवढाच कसा?

याचं उत्तर डेसिबलपुढच्या ‘ए’ या अक्षरात आहे. मीटरचा मायक्रोफोन हवेतला दाब इमानेइतबारे टिपतो, पण आपला कान तसा नाही. खर्जातला आवाज त्याला कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये माणसांना वेगवेगळे स्वर ऐकवून हे मोजलं आणि त्याचे वक्र काढले. त्यातल्या 40 डेसिबलच्या, म्हणजे हलक्या आवाजाच्या वक्रावरून मीटरमधली ‘ए’ गाळणी बेतली गेली, म्हणजे मीटरही कानासारखंच ऐकेल. 1000 हर्ट्झला ती काहीच वजा करत नाही, 125 हर्ट्झला 16 डेसिबल वजा करते आणि 63 हर्ट्झला तब्बल 26.

आता सोयीसाठी समजा, डीजेच्या भिंतीतून दोनच स्वर येताहेत: 63 हर्ट्झचा ठोका 105 डेसिबलचा आणि 1000 हर्ट्झचं गाणं 85 चं. ठोक्याची ऊर्जा गाण्याच्या शंभरपट आहे. गाळणीतून गेल्यावर ठोका उरतो सुमारे 79, गाणं मात्र 85 च राहतं. डेसिबलची साधी बेरीज होत नाही, ऊर्जांची होते. ठोक्याची ऊर्जा आता गाण्याच्या पावपटच उरल्यामुळे मीटर 86 दाखवतो. म्हणजे बेस पूर्ण बंद केला, तरी आकडा जेमतेम 1 डेसिबलनं उतरेल!

खरी अडचण इथेच आहे. आवाज मोठा होत जातो तसा कानाचा हा दुजाभाव कमी होतो, गाळणी मात्र हलक्या आवाजाचीच राहते. तरीही ती टिकली, कारण बोलणं, वाहनं, यंत्रं अशा रोजच्या गोंगाटाचा त्रास आणि कानाला होणारी इजा यांच्याशी हा एकच आकडा बऱ्यापैकी जुळतो. आपल्या 2000 सालच्या नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा 55 आणि रात्री 45, हीसुद्धा ‘ए’ मापातली सरासरी आहे.

ठोक्यांच्या कंपनांनी शरीरातली ‘नकारात्मक ऊर्जा’ निघून जाते, असे मेसेज फिरतात. त्याला काडीचाही आधार नाही. छातीत जाणवतो तो हवेचा दाब.

मीटरवर ‘सी’ ही दुसरी गाळणीही असते. ती 63 हर्ट्झला 1 डेसिबलसुद्धा वजा करत नाही, म्हणून आपल्या उदाहरणात ती 104 दाखवेल. दोन्ही मापांतला हा 18 चा फरकच सांगतो की आवाजात बेस किती आहे. खिडक्या लावून घरात पुन्हा मोजलं, तर दोन्ही आकडे उतरतात, पण फरक सहसा वाढतो. काच गाण्याला बऱ्यापैकी अडवते, ठोक्याला फारशी नाही.