मिकी माऊस मध्येच तोडला होता का?

'बीबीसीने युद्धाच्या वेळी मिकी माऊसचं कार्टून अर्ध्यात बंद केलं आणि १९४६ मध्ये तिथूनच पुढे सुरू केलं, हे बरोबर ना?' (इंदूरच्या गणेशोत्सवातली प्रश्नमंजुषा, शेवटची फेरी.)

नाही. १ सप्टेंबर १९३९ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या बीबीसीच्या टीव्ही केंद्रातून मिकीचं 'मिकीज गाला प्रीमियर' हे कार्टून लागलं, ते शेवटपर्यंत दाखवलं गेलं. त्यानंतर सुमारे वीस मिनिटं नुसते जुळवणीचे संकेत चालू होते. ते दुकानदार आणि सेटवाल्यांना चित्र-आवाज नीट लावून घेता यावा म्हणून सोडत. मग साडेबाराच्या सुमारास प्रक्षेपण थांबलं. निरोपाची घोषणा झालीच नाही, आणि गोष्ट रंगली ती बहुधा या मुक्याने झालेल्या बंदमुळेच. प्रक्षेपण बंद करण्यामागे शत्रूच्या विमानांना टीव्हीच्या लहरींवरून लंडनची दिशा सापडेल, ही धास्ती होती.

७ जून १९४६ ला पडदा पुन्हा उजळला तो जॅस्मिन ब्लाय या निवेदिकेच्या नमस्काराने. 'मी आठवते का?' असं तिने विचारलं. तेच कार्टून त्या दिवशी पुन्हा दाखवलं, पण पहिल्यापासून. 'तोडलेलं जोडलं' हा मसाला इथूनच आला असावा.

आता मंडळाच्या प्रश्नाकडे. 'बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम कोणता?' असं विचारलंत तर मिकी हे उत्तर चालेल. 'पडद्यावर शेवटी काय होतं?' विचारलंत तर मिकी म्हणणाऱ्या संघाला गुण देऊ नका, उत्तर जुळवणीचे संकेत. आणि 'कितव्या मिनिटाला तोडलं?' हा प्रश्न कागदावरून सरळ खोडा.